पहिल्या पगाराच्या स्लिपमध्ये पीएफ दोनदा कापलाय का? मदत हवी आहे

खारीक_०७
पहिला पगार झाला. ऑफर लेटरवर वर्षाचे ३,६०,००० लिहिलेत, म्हणजे महिन्याला ३०,०००. खात्यात आले १७,७५०! स्लिपमध्ये पीएफ १,२६० आहे आणि खाली परत एकदा पीएफ १,२६०. दोनदा कसा कापतात? एचआर मेलला उत्तर देत नाही. पटकन सांगा कोणीतरी.

बाबा_बर्वे
भाऊ, स्लिपवर काय काय आहे ते न सांगता कसं सांगणार? रुजू कधी झालात? सगळ्या ओळी टाका. कंपनीचं नाव आणि पीएफचा यूएएन नंबर टाकू नका.

खारीक_०७
१० जूनला जॉइन. पुण्यात.
डावीकडे: बेसिक १०,५००, एचआरए ४,२००, स्पेशल अलाउन्स ४,५३५, एकूण १९,२३५.
उजवीकडे: पीएफ १,२६०, पीटी २००, एलडब्ल्यूएफ २५.
तळाला वेगळ्या चौकटीत: पीएफ १,२६०, ग्रॅच्युइटी ५०५.

शून्य_शिल्लक
पीएफच बंद करून टाक. फॉर्म ११ भरून 'नको' म्हणायचं, हातात जास्त येतात. मी तेच केलं.

बाबा_बर्वे
शून्य, तो पर्याय पहिल्याच नोकरीत, बेसिक १५,०००च्या वर असेल तर. इथे १०,५०० हे ३० पैकी २१ दिवसांचे आहेत, म्हणजे पूर्ण बेसिक बरोब्बर १५,०००. वर नाही. पीएफ लागणारच.

खारीक, आता कॅल्क्युलेटर घ्या. १९,२३५ मधून १,२६०, २०० आणि २५ वजा करा. १७,७५० येतात ना? मग खालची चौकट तुमच्या पगारातून कापलेलीच नाही. कापली असती तर खात्यात आणखी कमी आले असते. तो कंपनीचा वाटा.

खारीक_०७
हो, तेवढेच येतात. पण मग ३०,००० कुठे गेले?

बाबा_बर्वे
कंपनी तो वाटा धरूनच ३०,००० म्हणते. पूर्ण महिन्याला तिचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ७२२. उरले २७,४७८, तो तुमचा ग्रॉस. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि पीटी, म्हणजे व्यवसाय कराचे, २०० गेले की जुलैपासून हातात २५,४७८. एलडब्ल्यूएफ म्हणजे कामगार कल्याण निधी, तो जून-डिसेंबरलाच कापतात. ग्रॅच्युइटी मात्र तुमच्या नावावर कुठे जमा होत नाही, कागदावर दाखवतात एवढंच.

टिळक_रोडचा
म्हणजे ३०,००० ही फसवणूकच की. ऑफर लेटरवर हातात किती पडणार तेच लिहायला हवं.

बाबा_बर्वे
फसवणूक नाही, पण ते मोठ्या अक्षरात लिहून हे बारीक अक्षरात लिहितात, हे मलाही खटकतं.

मीनल_के
ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कसा नाही? ग्रॉस २१,०००च्या आत आहे, ०.७५ टक्के कापायला हवा. कंपनी चुकवतेय. माझ्या भाच्याचा कापतात.

बाबा_बर्वे
मर्यादा पूर्ण महिन्याच्या पगारावर बघतात. तो २७,४७८ आहे. जून अर्धवट म्हणून कमी दिसतो. भाच्याचा पगारच २१,०००च्या आत असणार.

सहज_सुचलं
रिटर्न ३१ जुलैच्या आत भर. आणि भाड्याच्या पावत्या ठेव, घरमालकाचा पॅन घे.

टिळक_रोडचा
अहो, टीडीएसची ओळच नाहीये स्लिपमध्ये. पावत्या कशाला?

खारीक_०७
बरं, पण कंपनी तो १,२६० खरंच भरते हे कसं कळणार? आणि सगळे भाऊ म्हणताय, मी मुलगी आहे :)

बाबा_बर्वे
माफ करा ताई. कंपनीला जूनचे पैसे १५ जुलैपर्यंत भरावे लागतात, त्यानंतर पीएफचं पासबुक उघडा. तुमचे १,२६० एका रकान्यात दिसतील. कंपनीचे मात्र एकत्र नसतील: ३८५ एका रकान्यात, ८७५ पेन्शनच्या. ३८५ बघून पैसे खाल्ले म्हणून ओरडू नका. पण रकानेच रिकामे दिसले, तर स्लिप जपून ठेवा आणि एचआरला लेखी विचारा.

मीनल_के
थांबा, मुलगी असेल तर पीटी कसा? महाराष्ट्रात बायकांना २५,०००पर्यंत शून्य आहे, एप्रिल २०२३ पासून. ह्या महिन्यात तर १९,२३५च मिळालेत.

बाबा_बर्वे
हा मुद्दा बरोबर काढलात. जुलैपासून २०० लागतील, फेब्रुवारीत ३००. जूनचे मात्र माझ्या मते लागायला नकोत. त्यांच्या सॉफ्टवेअरने पूर्ण पगार धरला असेल, नाहीतर लिंगाच्या जागी पुरुष नोंदलं असेल. स्लिपवर वरती बघा.

खारीक_०७
वरती फक्त नाव, एम्प्लॉयी कोड आणि पेड डेज २१. लिंग कुठेच नाही. पोर्टलवर माझी प्रोफाइल अजून उघडत नाही.

शून्य_शिल्लक
२०० रुपयांसाठी एचआरशी पंगा? प्रोबेशनवर आहेस ना.

मीनल_के
पंगा कसला, विचारायला काय जातं? रेकॉर्डला पुरुष असेल तर उद्या मॅटर्निटीच्या वेळी घोळ होईल.

खारीक_०७
विचारलं. 'पेरोल बाहेरची एजन्सी करते, तिकीट टाका' म्हणाले. तिकीट टाकलंय.

टिळक_रोडचा
एजन्सीवाल्यांचं जाऊ दे. पहिला पगार झालाय, चितळेंची बाकरवडी कधी?