‘पाठवा’, ‘पाठवावेत’ की ‘पाठवाल का’?

अर्धविराम
दुसऱ्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मेल पाठवायचा आहे. ते माझे थेट साहेब नाहीत, पण वयाने आणि पदाने बरेच मोठे आहेत. मसुदा असा झालाय:

> सर, तुम्ही अजून तिसऱ्या तिमाहीचे आकडे पाठवले नाहीत. मी दोनदा आठवण करून दिली होती. उद्यापर्यंत पाठवा, नाहीतर अहवाल अडकेल आणि त्याला मी जबाबदार नाही.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, हा मेल नाही, नोटीस आहे. ‘कृपया’ घालून पाहिलं, तर नोटीस आणखीच पक्की झाली. पण फार मऊ केलं तर ते बाजूला ठेवून देतील. गुरुवारी सकाळी अहवाल लेखापरीक्षकांकडे जायचाय. काय बदलू?

गोडबोल्या
सोपं आहे. ‘पाठवा’च्या जागी ‘पाठवू शकाल का’ करा. मराठीत याहून नम्र काही नाही. आणि शेवटी ‘जमल्यास’ टाका, म्हणजे समोरच्याला दडपण वाटत नाही.

जुनी नस्ती
पत्रव्यवहाराच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, म्हणून सांगते. ‘शकाल का’ नम्र आहे हे खरं, पण त्यात विचारलं जातं ते जमेल की नाही एवढंच. ‘नाही हो, या आठवड्यात कठीण आहे’ हे त्याचं सरळ उत्तर झालं. वर ‘जमल्यास’ घातलंत तर नकार तुम्हीच लिहून दिलात. ‘पाठवाल का’ हेही विचारणंच आहे, पण त्यात समोरचा पाठवू शकतो हे धरलेलं असतं. घाईच्या कामाला मी तेच घेईन.

‘पाठवावेत’ची गंमत वेगळी. ‘आकडे पाठवावेत ही विनंती’ असं पूर्ण लिहिलं तर ती विनंती. ‘ही विनंती’ गाळलं की तेच क्रियापद परिपत्रकातलं होतं: ‘सर्व विभागांनी आकडे पाठवावेत.’ खालून वर जाणाऱ्या मेलमध्ये ते उघडं ठेवू नये.

पण तुमच्या मसुद्यात ‘पाठवा’ हा काही सर्वात टोचरा शब्द नाही. पहिलं वाक्य बघा. ‘तुम्ही अजून पाठवले नाहीत’ म्हटलं की कर्ता समोर उभा करून त्याच्यावर बोट ठेवलं जातं, आणि ‘अजून’ने त्या बोटाला धार येते. मराठीत ‘मिळणे’ आणि ‘येणे’ ही क्रियापदं अशा वेळी फार कामाची. ‘आकडे माझ्यापर्यंत आलेले नाहीत’ म्हटलं की वस्तुस्थिती तीच राहते, आरोप गळतो. कदाचित त्यांनी पाठवलेही असतील, दुसऱ्याच कुणाला. त्याला जागा राहते.

टपालवाला
सुरुवातीला ‘माननीय’ लिहावं की ‘आदरणीय’ हा खरा प्रश्न आहे. ‘माननीय’ पदाला आणि ‘आदरणीय’ व्यक्तीला, असं आम्हाला शिकवलं होतं. हल्ली लोक काहीही लिहितात.

अर्धविराम
माझा प्रश्न मायन्याचा नव्हता हो. आमच्याकडे ‘नमस्कार सर’ चालतं.

मधली सुट्टी
माझं प्रकरण याहून अवघड आहे. माझा मित्रच बढती मिळून वर गेला. जेवायला बसलो की अरे-तुरे, पण मेलवर आणखी चार जण असतात. ‘तू पाठव’ लिहिलं तर बाकीचे भुवया उंचावतात, ‘आपण पाठवावेत’ लिहिलं तर तो फोन करून विचारतो, ‘रागावलायस का?’

जुनी नस्ती
चार जण वाचणार असतील तर ‘तुम्ही’. ‘आपण’ नको, मित्राला तो टोमणाच वाटणार.

गोडबोल्या
मी तर नाव-सर्वनाम टाळूनच लिहितो. ‘आकडे मिळाले तर बरं होईल.’

मधली सुट्टी
त्यावर तो म्हणतो, ‘कुणाला सांगतोयस?’ असो.

अर्धविराम
मूळ मुद्द्यावर येते. घाई कशी ठेवायची? ‘तातडीने’ लिहू, ‘त्वरित’ की ‘लवकरात लवकर’?

जुनी नस्ती
तिन्ही नकोत. ‘लवकरात लवकर’मध्ये वेळच नाही, ज्याचा त्याने अर्थ लावावा. ‘त्वरित’ आणि ‘तातडीने’ इतके वापरून झालेत की डोळा त्यांवरून घसरतो, आणि धाकट्याने मोठ्याला लिहिले तर ते हुकमासारखे लागतात. घाई क्रियाविशेषणात ठेवू नका, वार आणि वेळेत ठेवा. ‘उद्यापर्यंत’ही ढिलं आहे. उद्या सकाळी, की उद्या घरी जाताना? ‘बुधवारी दुपारी ४ पर्यंत’ लिहिलं की त्यात उद्धटपणाही नाही आणि पळवाटही नाही. मात्र ती वेळ का, हे त्याच दमात सांगा. कारण न देता नुसती वेळ लिहिली तर तोही हुकूमच.

काठावर पास
पण ‘नाहीतर’ काढलं तर परिणाम कसा कळणार? माझ्या मते तो धाक हवाच.

जुनी नस्ती
परिणाम हवा, धाक नको. ‘नाहीतर अहवाल अडकेल आणि मी जबाबदार नाही’ यात परिणाम एवढाच, की अहवाल अडकेल. पुढचं सगळं स्वतःचा बचाव आहे, आणि तो वाचताना समोरच्याला दोषी झाल्यासारखं वाटतं. परिणाम अहवालाच्या अंगाने सांगा: आकडे नसतील तर तो तक्ता रिकामा जाईल. ‘आकडे पाहिजेत’पेक्षा ‘आकडे लागतील’ लिहा. गरज तुमची न राहता कामाची होते.

अर्धविराम
हे बघा:

> विषय: तिसऱ्या तिमाहीचे आकडे, बुधवारी दुपारी ४ पर्यंत
>
> नमस्कार सर,
> तिसऱ्या तिमाहीचे आकडे माझ्यापर्यंत आलेले नाहीत. गुरुवारी सकाळी १० वाजता अहवाल लेखापरीक्षकांकडे द्यायचा आहे आणि आकडे आल्यावर तक्ते जुळवायला दोन-तीन तास लागतील. त्यामुळे बुधवारी दुपारी ४ पर्यंत आकडे पाठवाल का? अंतिम आकडे तयार नसतील तर आहेत तेवढे चालतील. मी त्यांवर ‘तात्पुरते’ अशी नोंद करेन. आकडे नसतील तर तो तक्ता रिकामा ठेवून अहवाल द्यावा लागेल.
> तसदीबद्दल क्षमस्व.

काठावर पास
दोनदा आठवण करून दिलेली कुठे गेली? उद्या विचारलं तर पुरावा नको?

जुनी नस्ती
आधीच्याच मेलला उत्तर म्हणून हा पाठवा. दोन्ही आठवणी खाली तारखेसकट दिसतात, तोंडाने मोजून दाखवायला लागत नाहीत. ‘आहेत तेवढे चालतील’ उत्तम. मोठी माणसं पुष्कळदा अर्धवट काम दाखवायला नको म्हणून गप्प बसतात, त्यांना त्यातून वाट मिळते. ‘तसदीबद्दल क्षमस्व’ काढा. हे त्यांचंच काम आहे, माफी कसली? नुसतं ‘धन्यवाद’ पुरे.

टपालवाला
मी ठेवीन. एवढ्या मोठ्या माणसाला वेळ नेमून देताय, एक ओळ नमतं घेतलं तर काय बिघडलं? आणि ‘करेन’ नव्हे, ‘करीन’.

अर्धविराम
‘करीन’ केलं. ‘क्षमस्व’चं ठरत नाही, पण तूर्त काढते. आणि तरीही उत्तर आलं नाही तर?

जुनी नस्ती
चौथा मेल करू नका. बुधवारी सकाळी फोन करा. फक्त ‘मेल बघितलात का?’ म्हणू नका, तेही बोटच झालं. ‘मेल पोचला का?’ असं विचारा.

मधली सुट्टी
‘पोचला का’ आता कुणाला खरं वाटत नाही, मेल पोचतोच.

अर्धविराम
मग मी ‘सर, आकड्यांचं कसं करूया?’ असंच विचारते.