दोनशे चौदा स्लाइड, साडेतीन तास आणि एक भागाकार

नवखा_ट्रेनर: आमच्या प्लांटच्या सेफ्टी इंडक्शनचा २१४ स्लाइडचा डेक पोर्टलवर चढवायचाय. अनुक्रमणिकेत विभागाचं नाव आणि अंदाजे वेळ हवी. वर्ग साडेतीन तास चालतो, म्हणजे स्लाइडला एक मिनिट धरा, विभागातल्या स्लाइड मोजा, झालं. अर्ध्या तासाच्या कामाला लोक उगाच आठवडा लावतात. नावं पटकन कशी काढायची तेवढं सांगा.

खडूस_काकू: ‘उगाच’ वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. तो आठवडा मी लावलाय, म्हणून सांगते.

आमच्याही डेकमध्ये कंपनी परिचय ३८ स्लाइडचा होता. फोटोच फोटो, ट्रेनर दहा मिनिटांत पुढे जायचा. लॉकआउट-टॅगआउटच्या स्लाइड फक्त १४, पण तिथे प्रत्येक जण स्वतः कुलूप लावतो, टॅग लिहितो, स्विच दाबून मशीन खरंच बंद आहे ना ते बघतो. पाऊण तास कुठेच गेला नाही. तुमच्या भागाकाराने परिचय ३८ मिनिटं आणि लॉकआउट १४! शॉपवरचा माणूस ‘१४ मिनिटं’ बघून जेवणाच्या सुट्टीत उघडतो, अर्ध्यावर सुपरवायझरची हाक येते, आणि पोर्टलवर महिनाभर ‘अपूर्ण’.

नावांचं म्हणाल तर pptx फाइल म्हणजे झिपच. डेक बनवणाऱ्याने सेक्शन पाडले असतील तर एका ओळीत निघतात:

```
unzip -p deck.pptx ppt/presentation.xml | grep -o '<p14:section [^>]*>'
```

‘Default Section’, ‘Untitled Section’ असलं काही आलं तर समजा की कोणी नाव द्यायची तसदी घेतली नाही. मग दुभाजक स्लाइड शोधायच्या. आधी Outline View उघडा. जिथे स्लाइडचा नंबर आहे आणि पुढे कोरं आहे, तिथे शीर्षक साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाइप केलेलं असतं. डोळ्यांना दिसतं, स्क्रिप्टला दिसत नाही. आमच्या नऊपैकी चार दुभाजक तसलेच निघाले.

गोट्या: यूट्यूबवर वर्णनात 0:00 पासून वेळा टाकल्या की चॅप्टर आपोआप पडतात. किमान तीन लागतात. एवढं सोपं आहे.

खडूस_काकू: व्हिडिओ नाहीये हो. स्लाइड आहेत.

एक्सएमएल_बापू: काकू, हाताने कशाला? Rehearse Timings लावून एकदा डेक चालवला असेल तर प्रत्येक स्लाइडची वेळ फाइलमध्येच `advTm` म्हणून असते, मिलिसेकंदांत. सगळ्या फाइलींवर grep मारा, बेरीज करा. मी एका डेकवर केलं, ७ तास १० मिनिटं आली. ट्रेनर म्हणतो साडेतीन तास. ट्रेनर खोटं बोलतात, फाइल नाही.

खडूस_काकू: बापू, सातला दोनने भागून बघा. नव्या ट्रान्झिशनला पॉवरपॉइंट तोच टॅग दोनदा लिहितं, एकदा `mc:Choice` मध्ये आणि जुन्या आवृत्त्यांसाठी पुन्हा `mc:Fallback` मध्ये. तुम्ही दोन्ही मोजलेत. आणि slide37.xml ही सदतिसावी स्लाइड असेलच असं नाही, क्रम presentation.xml मधल्या `sldIdLst` वरून घ्यायचा असतो. नाहीतर एका विभागाची वेळ दुसऱ्याच्या खात्यात.

एक्सएमएल_बापू: ३ तास ३५. बरं. ट्रेनरची माफी मागतो, तुमची नाही.

खडूस_काकू: नकोच. त्या ३५ मध्येही बघा, एखाद्या स्लाइडवर भलताच आकडा असेल.

एक्सएमएल_बापू: आहे. सुरक्षा बुटांच्या फोटोवर १९ मिनिटं.

खडूस_काकू: चहाची सुट्टी! आता गंमत अशी की कुलूप लावायच्या स्लाइडवरही ३०-३५ मिनिटं दिसतील आणि ती खरी असतील. नुसत्या आकड्यावरून चहा कुठला आणि प्रात्यक्षिक कुठलं ते कळत नाही. वर्गात बसलेल्या माणसाला विचारावंच लागतं.

नवखा_ट्रेनर: माझ्याकडे `advTm` एकही नाही. आणि तुमच्या कमांडने पहिला सेक्शन `lqj{kk foHkkx` असा आला. फाइल करप्ट आहे का?

खडूस_काकू: करप्ट कसली, ‘सुरक्षा विभाग’ आहे. कृती देव! या फाँटवाल्यांनी महाराष्ट्राचं जेवढं नुकसान केलंय ना…

टंकलेखक_नाशिक: सांभाळून बोला. तेवीस वर्षं टायपिंग केलंय मी. युनिकोड आमच्या टेबलावर कधी आलं आणि कुणी शिकवलं? साहेब म्हणायचे, कागदावर नीट दिसतंय ना, मग झालं.

खडूस_काकू: कागदावर दिसतं, शोधता येत नाही. पोर्टलच्या सर्चमध्ये ‘सुरक्षा’ टाकलं तर शून्य निकाल.

टंकलेखक_नाशिक: १९९८ ला सर्च बॉक्स होता का आमच्यासमोर? आणि पोर्टलवाल्या पोरांनी कन्व्हर्टर फिरवून काय दिवे लावलेत तेही बघतोय. परवा एकाने ‘PPE वापरा’ ही सगळी ओळ फिरवली, PPE चं ‘च्च्म्’ झालं. कामगार विचारतात हे कुठलं नवीन साधन.

एक्सएमएल_बापू: 😂 हेल्मेट, गॉगल, च्च्म्.

टंकलेखक_नाशिक: हसू नका. ज्या तुकड्यावर `Kruti Dev` फाँट लावलाय तेवढाच फिरवायचा, एरियलमधला सोडायचा. आणि पहिली वेलांटी कृती देवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, `foHkkx` मधलं f बघा. ती उचलून व च्या मागे न्यावी लागते. जोडाक्षर आलं की फुकटचे कन्व्हर्टर तिथेच चुकतात. हे आम्हाला माहीत आहे, कोणी विचारत नाही एवढंच.

खडूस_काकू: हे मान्य. आमच्या नऊ शीर्षकांपैकी दोन शेवटी एका टंकलेखकानेच पुन्हा टाइप करून दिली. दहा मिनिटांत. तीन दिवस स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा बरं.

टंकलेखक_नाशिक: हे आधी लिहिलं असतं तर मी चिडलो नसतो.

सुलभा_ट्रेनर: माझ्या वेळेचं कोणी बोलेल का? ३१ वर्षं वर्ग घेतेय. रात्रपाळी संपवून आलेली बॅच आणि नव्याने रुजू झालेली बॅच, तोच विभाग, तोच डेक, २५ मिनिटं आणि ४०. पोर्टलवर एकाने ‘२५ मि.’ छापलं, तेव्हापासून मॅनेजर घड्याळ घेऊन मागे उभा असतो. प्रश्न घ्यायचे कधी?

खडूस_काकू: म्हणूनच टप्पे द्यायचे, ‘२५ ते ४०’. मी दोन बॅचमध्ये मागच्या बाकावर बसले आणि फक्त नऊ विभागांच्या सुरुवातीची वेळ वहीत लिहिली. बाकी काही नाही. त्यातून येतं ते पाच मिनिटांपर्यंत बरोबर असतं. ‘२७ मिनिटं’ लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता मिरवणं.

नवखा_ट्रेनर: पण पोर्टलवर तर माणूस एकटा वाचणार. सुलभाताईंच्या वर्गाची वेळ तिथे कशाला? परिचयाच्या फोटोंना दोन मिनिटं लागतील.

सुलभा_ट्रेनर: आणि कुलूप कोण लावणार, माउस?

खडूस_काकू: हा प्रश्न बरोबर विचारलात, पहिल्यांदाच. आम्ही वर्गाचीच वेळ दिली, कारण प्रात्यक्षिक झाल्याशिवाय ‘पूर्ण’ची खूण होत नव्हती. नुसतं वाचायचं असेल तर नोट्समधले शब्द मोजून अंदाज करतात, पण आमच्या नोट्समध्ये अर्ध्या ठिकाणी ‘इथे विनोद’ एवढंच लिहिलेलं होतं.

एक्सएमएल_बापू: दोन्ही वेळा द्या की.

सुलभा_ट्रेनर: दिल्या तर मॅनेजर छोटी वाचेल.

नवखा_ट्रेनर: ठीक आहे, आठवडा नाही पण तीन दिवस मागून घेतो. भागाकार मागे, खूश? शनिवारी बॅच आहे, वही घेऊन बसतो. आत्ताच बघितलं, २१४ पैकी २३ स्लाइडवर `show="0"` आहे. म्हणजे लपवलेल्या. त्याही मोजत होतो मी.

खडूस_काकू: त्यात विभागाची दुभाजक स्लाइड लपवलेली नाही ना ते बघा. आमच्याकडे अग्निशमनाची होती. अख्खा विभाग अनुक्रमणिकेतून गायब होता, आणि ट्रेनर मात्र तो दर शनिवारी शिकवत होता.