कॉपी केलेली पॉलिसी आणि नावापुरती कुकीची पट्टी

> कोल्हापुरी चपलांची साइट पुढच्या आठवड्यात सुरू करतोय. एका मोठ्या साइटची प्रायव्हसी पॉलिसी घेऊन नाव बदललं, कुकीची पट्टीही लावली. एवढं पुरे का?

पट्टी काम करते का ते आधी बघा. इनकॉग्निटोमध्ये साइट उघडा, कशावरही क्लिक न करता F12 दाबा आणि `Application` मध्ये `Cookies` बघा. तिथं गूगल अ‍ॅनालिटिक्सची `_ga` किंवा फेसबुकची `_fbp` ही कुकी आधीच बसलेली दिसली, तर पट्टी नुसती शोभेची. राजारामपुरीतल्या एका दुकानाची साइट मी केली होती, तिथं माझ्याच हातून हे झालं. पट्टीचं प्लगइन नीट होतं, पण अ‍ॅनालिटिक्सचा कोड थीमच्या हेडरमध्ये थेट चिकटवलेला. मग पट्टी त्याला अडवणार कशी? तिथून काढून तो प्लगइनच्या संमतीच्या सेटिंगमध्ये टाकला. 'नको' दाबून परत तपासलं, तेव्हा कुकी गायब.

पॉलिसीचं म्हणाल तर तुमचा ऑर्डरचा फॉर्म समोर ठेवून लिहा: नाव, पत्ता, मोबाइल, पायाचं माप. यातलं काय कुरिअरला जातं, काय पेमेंट गेटवेला, ते साध्या मराठीत. मोठ्या साइटच्या पॉलिसीत लोकेशन आणि कॉन्टॅक्ट लिस्टही असते. तुम्ही ते घेतच नाही, मग कशाला कबूल करताय?

आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, संपर्क साइटवर हवा. एकट्याचा धंदा असेल तर तुमचंच नाव टाका. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं, म्हणून रोज उघडता तोच ईमेल द्या. रिफंडच्या पानावर माप चुकलं तर परतीचं भाडं कोणाचं, हे स्पष्ट लिहा. चपलांत भांडण तिथंच होतंय.