चिखलातले गमबूट: उंची, अस्तर, तळ. तुमचे अनुभव सांगा

बांधावरची

परवा भातखाचरात माझा डावा गमबूट चिखलात रुतून राहिला आणि पाय नुसत्या मोज्यावर बाहेर आला. हातात रोपांची जुडी, दुसरा पाय गुडघ्याखाली अडकलेला. शेवटी मोज्याचा पाय चिखलातच टेकावा लागला. मग खाली बसून दोन्ही हातांनी बूट उपसून काढला. शेजारच्या खाचरातल्या बायका अजून हसतायत.

हा माझा दुसराच पावसाळा. बूट घेताना माझी तीन गृहीतकं होती. जितका उंच तितका चांगला, आत मऊ लोकरीसारखं अस्तर हवंच आणि जाड मोजे घालायचे म्हणून एक नंबर मोठा घ्यायचा. आता तिन्हींबद्दल शंका यायला लागलीय. म्हणून हा धागा. उंची, अस्तर आणि तळ यांपैकी कशाने तुम्हाला तारलं आणि कशाने दगा दिला ते लिहा. फक्त माती कसली आणि काम कोणतं हेही सांगा.

अनवाणी

तीस पावसाळे लावणी केली, बूट एकदाही नाही. चिखलात कुठे कडक आहे, कुठे खड्डा आहे हे बोटांना कळतं. गमबूट म्हणजे चिखलाला केलेला आहेर, तुम्ही देता आणि तो ठेवून घेतो.

गोठेवाला

अनवाणीदादा, तुमचे पाय तुम्हाला लखलाभ. माझ्या भावाच्या टाचेला भेग होती, त्यातच साचलेल्या पाण्यात चार दिवस काम केलं आणि लेप्टोने दवाखान्यात पडला. उंदराचं मूत पाण्यात असतं, ते जखमेतून आत जातं. आता आमच्याकडे बूट नाही तर काम नाही.

पावसाळी_स्वार

मीही गमबूटच शोधतोय! रोज बाईकवर तासभर जातो, पावसाचं पाणी वरून बुटात शिरतं. गुडघ्यापर्यंतचे घेऊ का? गियर टाकायला जड जातील का?

बांधावरची

स्वारभाऊ, इथे चिखलातल्या कामाचं चाललंय. पण बुटात पाणी वरून शिरत असेल तर रेनकोटची पँट बुटाच्या आत खोचू नका, बाहेरून सोडा. एवढं तर मलाही कळतं.

जुना नांगर

ताई, तुमचा बूट उंचीमुळे राहिला नाही, घोट्यामुळे राहिला. नीट सांगतो, कारण हे मी स्वतः दोन जोड वाया घालवून शिकलो.

पाय सरळ वर ओढला की तळाखाली पोकळी व्हायला बघते. तिथे हवा शिरायला वाट नसते, म्हणून चिखल बूट धरून ठेवतो. आता बूट घोट्यापाशी सैल असेल तर टाच आतल्या आत वर सरकते आणि पाय बाहेर येतो. घोटा आवळून बसणारा असेल तर बूट पायाबरोबर निघतो. म्हणून दुकानात बूट घालून उभं राहायचं, बुटाची टाच दुसऱ्या पायाने दाबून धरायची आणि आपली टाच उचलून बघायची. बोटभर सरकली तर तो बूट भातखाचरासाठी नाही. एक नंबर मोठा घेणं ही चूक तिथेच झाली. जाड मोज्याने फट भरेल असं वाटतं, पण मोजा ओला झाला की दबून चपटा होतो.

पाय काढायची पद्धतही आहे. आधी टाच जरा वर आणि बाजूला वळवायची, म्हणजे कडेने हवा किंवा पाणी आत शिरतं आणि पकड सुटते. मग चवडा. सरळ वर झटका मारू नका, तसाच बूट मागे राहतो.

उंचीचं म्हणाल तर काठी घेऊन खाचरात जा आणि कडक थर लागेपर्यंत दाबा. माझ्याकडे चिखलणी केल्यावर साधारण वीस सेंटीमीटर भरतं, वर तीन-चार पाणी. म्हणजे मला पोटरीच्या मध्यापर्यंतचा, अठ्ठावीस-तीस सेंटीमीटरचा बूट पुरतो. गुडघ्याखालपर्यंतचा, म्हणजे चाळीसच्या आसपासचा, मी दोन वर्षं घातला. वाकून रोपं लावताना आणि उकिडवं बसून निंदताना त्याची कड गुडघ्यामागे रुतते, संध्याकाळी तिथे लाल वळ. पाटाचं पाणी फिरवताना, ओढा ओलांडताना मात्र तोच लागतो.

बांधावरची

काठी घालून बघितलं. मधे अठरा, पण वरच्या कोपऱ्यात जिथे झरा आहे तिथे पस्तीस! आणि बूट नेमका त्याच कोपऱ्यात राहिला होता.

जुना नांगर

मग त्या कोपऱ्यापुरते अनवाणीदादांचं ऐका, नाहीतर तिथे फळी टाकून काम करा. पस्तीसच्या चिखलात चाळीसचा बूटही जेमतेम. भार घेऊन एका पायावर आलात की अजून आत जातो आणि कडेवरून पाणी आत. एकदा बूट आतून भरला की बुटासकट पाय ओढायच्या भानगडीत पडू नका. पाय बाहेर काढा, बूट तिरका करून पाणी सांडा, मग बूट.

काळीमाती

आमच्याकडे भात नाही, कपाशी आणि तूर. इथे बूट रुतत नाही, इथे माती बुटाला चढते. मुसळधार पावसात त्रास कमी, कारण माती पातळ होऊन ओघळून जाते. पाऊस थांबून एक-दोन दिवस झाले आणि अजून वाफसा आला नाही, त्या दिवशी खरी गंमत. दहा पावलांत प्रत्येक पायाला घमेलंभर चिखल.

माझं मत सांगते. तळाचे दात जितके खोल तितके उत्तम. उथळ दाताचा बूट या मातीत घसरगुंडी होतो. खोलच घ्या, डोळे झाकून.

गोठेवाला

डोळे झाकून नको, मी तसाच घेतला होता. शेतात झकास. मग त्याच बुटाने गोठ्यात शिरलो. ओली सिमेंटची फरशी, वर शेणाचा पातळ थर. दात मोठे आणि विरळ, त्यामुळे कडक फरशीला टेकणारा भाग थोडा, आणि दातांमध्ये वाळलेली माती भरलेली. दुधाची बादली एकीकडे, मी एकीकडे. पंधरा दिवस कमरेला शेक घेतला.

आता दोन जोड आहेत. गोठ्याचा तळ जवळजवळ सपाट, पण त्याला बारीक बारीक चिरा खूप. त्या चिरांतून पाणी बाजूला सरतं आणि रबर फरशीला धरतं. शेताचा वेगळा. दारात ब्रश टांगलाय, शेतातून आल्यावर तळ घासल्याशिवाय आत पाय नाही.

काळीमाती

फरशीचं मान्य. पण शेतातही खोलीपेक्षा अंतर महत्त्वाचं असतं का? कारण माझा जुना जोड खोल दातांचा होता तरी माती भरून सपाट व्हायचा. नवा तेवढ्याच खोलीचा, पण झटकला की माती पडते.

जुना नांगर

तेच. दात दाट असले की मधली माती निघत नाही आणि मग मातीवर माती घसरते. जुना आणि नवा शेजारी ठेवून दोन दातांमध्ये बोट घालून बघा. बोट सहज बसत असेल आणि खाच बाहेरच्या तोंडाकडे रुंद होत गेली असेल तर पाय टाकताना माती आपसूक सुटते. तरी चिकण मातीत पूर्ण सुटणारा तळ मी अजून पाहिला नाही. खिशात बांबूची चीप ठेवावीच लागते.

आणि ताई, तुमच्या खाचरात तळाची फार चिंता करू नका. पातळ चिखलात तळ कशालाच धरत नाही, तो खालच्या कडक थरावर टेकतो. तिथे खोल दात उलट चिखल उचलतात. लावणीसाठी पातळ, मऊ तळाचे, घोट्याशी घट्ट बूट मिळतात, त्यांचा तळ जवळजवळ गुळगुळीत असतो. तुम्ही घसराल त्या बांधावर चढताना.

रोपवाटिका

अस्तराबद्दल कोणी बोललंच नाही. माझी कहाणी दुर्गंधीची आहे, जेवताना वाचू नका.

पहिल्या वर्षी फरसारखं जाड अस्तर घेतलं. थंडीत सकाळी पाणी देताना स्वर्ग. पण रबर श्वास घेत नाही, घाम आतच राहतो. अस्तर तो पितं आणि रात्रभरात वाळत नाही. दुसऱ्या दिवशी ओल्या बुटात पाय, तिसऱ्या दिवशी वास, आठवड्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या. मलम लावत बसले तरी जात नव्हत्या, कारण रोज त्याच ओलीत पाय.

आता आत फक्त पातळ विणलेलं अस्तर असलेला बूट घेते. ऊब हवी तर मोज्यातून आणते, मोजा धुता येतो, बूट धुता येत नाही. आतली गादी सुटी असली पाहिजे, घरी आल्यावर आधी ती बाहेर. मग बुटात वर्तमानपत्राचे बोळे, तासाभराने बदलायचे, रात्री बूट खुंट्यावर उलटे. चुलीजवळ नाही आणि उन्हात तर नाहीच, रबर तडकतं. पावसात दोन जोड आलटून पालटून वापरते, आणि खरं सांगायचं तर चिखल्या त्यानेच गेल्या, मलमाने नाही.

एकदा अगदी बिनअस्तराचाही घेतला होता, स्वस्तातला. घामाने पोटरीला असा चिकटला की काढायला नवऱ्याला हाक मारावी लागली.

अनवाणी

बघा, माझे पाय पंधरा मिनिटांत वाळतात.

काळीमाती

एक वेगळंच विचारते. बूट वाकतो तिथे, चवड्याच्या वर, आडवी चीर गेलीय. सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं, दोन दिवसांत निघालं. सोल्यूशन खराब होतं का?

गोठेवाला

माझं दोन वर्षं टिकलंय. कानसने घासून, पुसून, सोल्यूशनचे दोन पातळ हात, मधे वाळू दिलं. तुम्ही घाई केली असणार.

जुना नांगर

घाई नसेलही. दुकानात सगळ्यांना रबराचेच म्हणतात, पण बरेच पीव्हीसीचे असतात. एका साच्यातून निघालेले, चकचकीत, कडेला साच्याची बारीक रेघ, थंडीत कडक होतात. पंक्चरचं सोल्यूशन रबरासाठी असतं, पीव्हीसीला धरत नाही. त्याचा डिंक वेगळा मिळतो. चीर कुठवर गेलीय ते बघायला बूट पाण्याने भरून बाहेरून कोरडा पुसा, जिथे ओल फुटेल तिथवर ठिगळ. पण वाकण्याच्या जागेवरची चीर कशानेही फार दिवस टिकत नाही, हा माझा अनुभव. गोठेवाल्यांचं दोन वर्षं टिकलं म्हणतात, कदाचित चीर कडेला असेल.

गोठेवाला

कडेलाच आहे. पण टिकलंय ना.

बांधावरची

काल बघून आले. घोट्याला घट्ट, तीस सेंटीमीटर, पातळ अस्तर. टाच दाबून बघितली, अजिबात सरकली नाही. पण माझी पोटरी जाड आहे, वरची कड आवळतेय. मोठा नंबर घातला की पोटरी मोकळी आणि टाच पुन्हा सैल. वरच्या बाजूला पट्टा आणि घडी असलेले बूट असतात म्हणे, पोटरीनुसार सैल करता येतात. त्या घडीतून चिखल आत जातो का? कोणी वापरलेत?

रोपवाटिका

मी वापरलेत. घडी आतून जोडलेली असते, त्यामुळे पाणी जात नाही. पण बकलमध्ये माती बसते, महिन्याभरात माझं एक बकल फिरायचंच बंद झालं. दुसरं अजून चालतंय.