मदत हवी आहे: जमा मशीनने नोटा घेतल्या, खात्यात रक्कम नाही, बँकेने तक्रार बंद केली

वाशिष्ठी
नमस्कार मंडळी. चिपळूणला माझे किराणा दुकान आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळी गल्ल्यातले पैसे भरायला माझ्याच बँकेच्या, पण दुसऱ्या शाखेबाहेरच्या मशीनवर गेलो. कार्ड न घालता खाते क्रमांक टाकून ५०० च्या ८५ नोटा ठेवल्या. मशीनने ३ नोटा परत दिल्या आणि ८२ नोटांचे ४१,००० पडद्यावर दाखवले. मी Confirm दाबले. आत नोटा सरकल्याचा आवाज आला, तो मध्येच थांबला. बराच वेळ 'थांबा' दिसत राहिले आणि मग मशीनच बंद पडले. पावती आली, तिच्यावर वेळ, मशीनचा क्रमांक आणि व्यवहार क्रमांक आहे. रकमेची जागा मात्र कोरी.

तिथूनच हेल्पलाइनला फोन केला. बाईंनी विचारले किती पैसे घातले, मी ४२,५०० घातले, त्यातले तीन कागद परत आले असे सांगितले. तक्रार क्रमांक मिळाला. काही दिवसांनी मेसेज आला: 'मशीनमध्ये जादा रक्कम आढळली नाही, तक्रार बंद.' शाखेत गेलो तर तेच उत्तर. दरम्यान घाऊक व्यापाऱ्याला दिलेला चेक परत गेला. आता पुढे काय करावे? दुकानाचे खेळते भांडवल आहे हो हे.

अनिकेत७८
रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. एटीएमचा व्यवहार फसला तर ५ दिवसांत पैसे, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. शाखेत जाऊन त्या आदेशाचे नाव घ्या, लगेच सरळ होतील.

मीनल_ता
माझेही असेच झाले होते! मशीनवर भरताना खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला आणि पैसे कुणा तिसऱ्याच्या खात्यात गेले. बँक म्हणाली, त्या माणसाने होकार दिल्याशिवाय आम्ही काढू शकत नाही. तुम्ही खाते क्रमांक नीट तपासलात का? तुमचेही दुसऱ्याच कुणाच्या खात्यात गेले असतील.

जुना_रोखपाल
मीनलताई, तुमच्या बाबतीत व्यवहार पूर्ण झाला होता, पैसे नको त्या ठिकाणी पडले. यांची पावती कोरी आहे, म्हणजे नोंदच झालेली नाही. दोन्हींचा रस्ता वेगळा.

अनिकेत, आदेश खरा आहे, पण त्यात एटीएमखाली जे लिहिले आहे ते खात्यातून पैसे कापले गेले आणि रोख बाहेर आली नाही, यासाठी. मशीनमध्ये भरलेली रोख त्यात नाही. तो कागद पुढे केला तर शाखेतला माणूस नेमके हेच दाखवून तुम्हाला परत पाठवील.

वाशिष्ठी, मी बँकेत अशा मशीनच्या रोखीचा ताळा बघायचो. तुमच्या गोष्टीत दोन जागी घोळ दिसतो.

पहिली रकमेची. नोटा आधी मोजून मशीनच्या आतल्या तात्पुरत्या जागेत थांबतात. Confirm दाबले की त्या पेटीत सरकतात आणि खात्यात जमा करण्याची नोंद जाते. नेमकी या दोन क्षणांच्या मध्ये नोट अडकली किंवा लाइन तुटली तर नोटा आत, नोंद मात्र नाही. त्या नोटा पुढे मोजदादीत 'जादा' म्हणून निघतात आणि बँक त्या वेगळ्या खात्यात ठेवते. दावा पास होतो तो या जादा रकमेशी जुळला तरच. तुमच्या नावावर ४२,५०० ची तक्रार नोंदली गेली असणार, आणि मशीनमध्ये फार तर ४१,००० जादा निघतील. न जुळणारी तक्रार बंद करणे फार सोपे असते.

दुसरी तारखेची. आवाज मध्येच थांबला, मग मशीन बंद पडले, म्हणजे नोटा अडकल्या असण्याची शक्यता मोठी. अडकलेल्या नोटा इंजिनिअर येऊन मशीन उघडतो तेव्हा सापडतात. तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, तर जादा रक्कम त्या दिवसाच्या हिशेबात दिसेल. तुमच्या दिवसाचा ताळा मात्र चोख बसेल. आणि सगळ्या नोटा एकाच जागी असतील असेही नाही. काही पेटीत गेल्या असतील, काही वाटेत, काही नाकारलेल्या नोटांच्या खणात.

म्हणून आता तोंडी काही नको. तुमच्या खात्याच्या शाखेत लेखी अर्ज द्या, दुसरी प्रत मशीन असलेल्या शाखेला, दोन्हीवर शिक्का आणि तारीख घ्या. मजकूर असा काहीसा:

'अमुक तारखेला अमुक वेळी मशीन क्रमांक ... वर, व्यवहार क्रमांक ..., मी ५०० च्या ८५ नोटा ठेवल्या. पैकी ३ परत मिळाल्या. ८२ नोटांचे ४१,००० रुपये खात्यात जमा झालेले नाहीत. हेल्पलाइनवर नोंदलेल्या रकमेऐवजी हीच रक्कम माझा दावा समजावा. मशीन पुन्हा उघडेपर्यंतच्या प्रत्येक मोजणीचा ताळा, नाकारलेल्या नोटांचा खण आणि मशीनची इलेक्ट्रॉनिक जर्नल तपासून लेखी उत्तर द्यावे. त्या वेळेचे कॅमेऱ्याचे फुटेज जपून ठेवावे.'

फुटेजचे वाक्य गाळू नका. जुने फुटेज पुसले जाते, आणि जपून ठेवायला तुम्ही लेखी सांगितले होते हे नंतर दाखवता यायला हवे. जर्नलमध्ये मशीनने कोणत्या मूल्याच्या किती नोटा मोजल्या आणि कोणत्या पायरीवर बंद पडले, हे येते. ८२ चा आकडा तिथे असेल तर बँकेला टाळणे अवघड जाईल. पावती उष्णतेने पुसट होते, तिचा फोटो आजच काढा.

अनिकेत७८
बरोबर आहे, आदेशात एटीएम हा शब्द बघून मी दोन्ही प्रकार एकच धरले. पण बँक पुन्हा नाहीच म्हणाली तर?

जुना_रोखपाल
अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा नकार आला आणि तो पटला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करायची. फी नाही. बँकेला आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणूनच शिक्क्याचा आग्रह धरला. पोर्टलवर जमत नसेल तर १४४४८ वर फोन करून माहिती घेता येते.

मशीन दुसऱ्या बँकेचे असते तरी अर्ज आपल्या खात्याच्या बँकेतच द्यायचा. पुढची मागणी तीच त्या बँकेकडे करते.

वाशिष्ठी
काका, मनापासून आभार. आज दोन्ही अर्ज दिले, शिक्के घेतले. मशीनच्या शाखेतल्या बाईंनी रजिस्टर उघडून पाहिले. इंजिनिअर त्याच आठवड्यात, पण माझ्या तारखेनंतर आला होता. 'नोटा निघाल्या की नाही ते हेड ऑफिसकडून विचारून सांगते' म्हणाल्या. रक्कम सांगितली नाही, पण या वेळी कुणी 'जादा काही नाही' असे म्हटले नाही.

चेक परत गेल्याचा दंड आणि व्यापाऱ्याकडची पत गेली ती वेगळीच. तो दंड याच दाव्यात मागता येतो का?

जुना_रोखपाल
मागा, नक्की मागा. चेक परत आल्याचा मेमो आणि दंडाची नोंद असलेले खात्याचे पान जोडा. माझ्या डोळ्यांसमोर काही शाखांनी दंड परत केला, काहींनी 'चेक देताना शिल्लक ठेवणे तुमचे काम' म्हणून हात वर केले. दावा मंजूर झाला की मगच तो मुद्दा जोरात धरा; आधी ४१,००० सुटू देत.

मीनल_ता
लोकपालाकडून असा चेकचा दंड परत मिळवलेले कुणी आहे का इथे? माझ्या भावालाही उपयोग होईल.