मदत हवी आहे : शिकवणीची फी वाढवल्याचे पालकांच्या गटात कसे कळवावे?

नमस्कार. सोलापुरात अशोक चौकाजवळ मी आठवी ते दहावीच्या मुलांची गणित-विज्ञानाची शिकवणी घेते. मुले ४० असून फी दरमहा ८०० रुपये आहे. जागेचे भाडे महिन्याला २००० रुपयांनी वाढले आहे आणि विज्ञानाच्या सरांचे मानधन ३००० रुपयांनी वाढवणे भाग आहे, म्हणून जूनपासून ९५० रुपये फी घ्यायचे ठरवले आहे. बरेच पालक यंत्रमागावर काम करतात आणि त्यांना आठवड्याला पगार मिळतो, त्यामुळे हे व्हॉट्सअ‍ॅप गटात कोणत्या शब्दांत आणि किती आधी कळवावे, हे सुचत नाही.

विजापूर रोड : शाळेला फी वाढवण्यासाठी पालक-शिक्षक संघाची मान्यता लागते. ती आपण घेतली का?

जुना क्लासवाला : तो २०११ चा कायदा शाळांसाठी आहे, घरगुती शिकवणीला लागू होत नाही.

उत्तर : ताई, आपण सांगितलेली वाढ ५००० रुपयांची आहे, म्हणजे ४० मुलांत दर मुलामागे १२५ रुपये. पालक हा हिशेब नक्की करतील आणि वरच्या २५ रुपयांबद्दल विचारतील. तेव्हा तिसरा खर्च असेल तर तोही लिहावा, नाहीतर फी ९२५ ठेवावी.

संदेश एप्रिलमध्येच द्यावा, म्हणजे ज्यांना दुसरीकडे जायचे आहे त्यांना प्रवेशाच्या गर्दीआधी चौकशी करता येते. ज्यांनी पुढच्या वर्षाचे पैसे जुन्या दराने आधीच भरले आहेत, त्यांच्याकडून फरक मागू नये. मी असे लिहिले असते :

«सर्व पालकांना नमस्कार. जागेचे भाडे व शिक्षकांचे मानधन वाढल्यामुळे १ जूनपासून मासिक फी ८०० ऐवजी ९२५ रुपये राहील. मे अखेरपर्यंत जुनीच फी घेतली जाईल. अडचण असल्यास कृपया मला स्वतंत्रपणे फोन करावा.»

सवलतीची बोलणी गटात होऊ देऊ नयेत, कारण एकाला दिलेली सूट सगळ्यांना दिसली की प्रत्येकजण तीच मागतो. त्या दिवशी गटात फक्त अ‍ॅडमिनने लिहावे, अशी सोय करून ठेवावी.

हिशेबनीस : अठरा टक्के जीएसटीही धरावा लागेल.

जुना क्लासवाला : वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली तरच. यांची पाच लाखांच्याही आत आहे.

एक पालक : माझी दोन मुले शिकवणीला जातात. जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश आणि शाळेची फी एकदम येते, त्यातच वाढीव फी भरणे फार कठीण जाते. वाढ जुलैपासून केली, तर एका महिन्याचा श्वास मिळेल.

धागाकर्ती : इन्व्हर्टरची बॅटरी आणि सराव-पत्रिकांच्या झेरॉक्सला महिन्याला साधारण १००० रुपये लागतात, ते लिहायचे राहिले होते. ते कारण संदेशात घालून फी ९५०च ठेवते. पगाराच्या दिवशी थोडी थोडी फी भरण्याची मुभाही देईन. मात्र जुलैपर्यंत थांबले तर जूनचे वाढीव भाडे मला पदरचे भरावे लागेल, म्हणून त्याबद्दल अजून ठरलेले नाही. नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांना जुनीच फी ठेवावी का, याविषयी आपला अनुभव काय आहे?

जुना क्लासवाला : मी ठेवली होती. आठवीच्या पालकांना ते आवडले नाही.