अनुभव धागा : ‘ढवळ्याशेजारी पवळ्या’ तुम्हाला कुणी ऐकवलं होतं?

केतकी_ठाणे
नववीच्या सहामाहीत गणितात ३८ पडले. प्रगतिपुस्तकावर सही करताना बाबा मान वर न करता म्हणाले, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." रोख माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडे होता. ती तासाला मांडीवर कादंबरी उघडून बसायची आणि पान उलटायच्या आधी माझं वाचून झालंय का ते बघायची. मी मात्र ढवळ्या कोण आणि पवळ्या कोण याच विचारात होते. मग बाईंना सांगून माझी जागा बदलली गेली. गणित पुढच्या वर्षी सुधारलं. वाचायची सवय तिच्यामुळे लागली ती आजतागायत आहे. तर गुण लागला हे खरंच, पण कुठला?

धागा काढायचं कारण असं, की माझी मुलगी आता नववीत आहे आणि गेल्या आठवड्यात तेच वाक्य, त्याच सुरात, माझ्या तोंडून बाहेर पडलं. ती फोनवर बोलत होती, बहुतेक ऐकूही गेलं नाही. तुम्हाला संगतीबद्दलची कुठली म्हण कुणी, कधी ऐकवली आणि ती खरी निघाली का, ते सांगा.

माणदेशी
सांगोल्याकडचा आहे, घरी खिलार जोडी. आता ट्रॅक्टर आलाय, पण कोळपणीला अजून बैलच लागतात. तेव्हा ढवळ्यापवळ्याचं मी सांगतो.

शहरात ही म्हण फक्त बिघडण्यासाठी वापरतात. आमच्यात ती कामाची रीत आहे. नवा खोंड अडीच-तीन वर्षांचा झाला की त्याला शिकवायला माणूस पुरत नाही. त्याला मुरलेल्या बैलाशेजारी जुंपायचं. आधी नुसतं जू मानेवर सोसायला शिकवायचं, मग एखादा ओंडका ओढायला द्यायचा, मग रिकामी गाडी. जुना बैल सरीच्या टोकाला आपसूक वळतो. खोंडाला काही कळत नसतं, पण जू एकच असल्यामुळे त्यालाही वळावं लागतं. आठ-दहा दिवसांत तो तुमच्या हाकेआधी वळायला लागतो.

उलटंही खरं आहे. माझ्या वडिलांनी एकदा बाजारातून स्वस्तात एक बैल आणला. दिसायला देखणा, पण तो बसका निघाला. ऊन चढलं की सरीत बसायचा. त्याच्या जोडीला आमचा घरचा बैल होता, सहा वर्षांत कधी न बसलेला. पंधरा दिवसांत तोही बसायला लागला. कारण साधं आहे. शेजारचा बसला की जू खाली ओढलं जातं, मान वाकते, आणि बसल्यावर काम थांबतं हे जनावराच्या ध्यानात येतं. गुण हवेतून लागत नाही, जुवातून लागतो.

म्हणून पोरांच्या बाबतीत मी एवढंच बघतो की नुसती एका गोठ्यात बांधलीत का एका जुवात जुंपलीत. शेजारी बसण्यानं फार काही होत नाही. एकत्र पैसा, एकत्र धंदा, एकत्र लपवाछपवी असली की मग बघायला पाहिजे.

बिनधास्त_बंड्या
मस्त लिहिलंत माणदेशी. फक्त एक सुधारणा. ‘वाण’ म्हणजे बियाण्याचं वाण, जात. म्हणजे पवळ्या गावठी होता, ढवळ्या खिलार. गावठीचा काही खिलार झाला नाही, पण सवयी उचलल्या, असा अर्थ आहे.

निवृत्त_गुरुजी
बंड्या, अर्धं बरोबर. बियाण्याचं वाण हा शब्द आहेच, पण इथलं वाण म्हणजे रंग. वर्ण या शब्दाचंच ते रूप. ढवळा म्हणजे पांढरा, धवल. पवळा म्हणजे पोवळ्यासारखा तांबूस. पांढऱ्याशेजारी तांबडा बांधला तर तांबडा काही पांढरा होत नाही, पण खोडी मात्र उचलतो. म्हणीची गंमतच रंगांच्या जोडीत आहे. जात धरली तर दोन्ही नावं वाया जातात.

आणि आणखी एक. वर्गात कोणाचा गुण कोणाला लागला हे मला तीस वर्षांत ठामपणे सांगता आलेलं नाही. दोघं एकत्र यायच्या आधीच एकमेकांसारखे असायचे, म्हणून तर एकत्र यायचे. चोर चोर मावसभाऊ म्हणतात ते उगाच नाही. आईबाप मात्र नेहमी ढवळ्यापवळ्याच म्हणायचे.

जामीनदार
नाव मुद्दामच हे घेतलंय. माझी म्हण ‘असंगाशी संग आणि प्राणाशी गाठ’.

कंपनीतला मित्र, बारा वर्षांची ओळख, रोजचा डबा एकत्र. त्याला पतसंस्थेतून ३ लाखांचं कर्ज हवं होतं, ३६ हप्ते, महिन्याला साधारण १०,१०० रुपये. दोन जामीनदार लागत होते. आई म्हणाली, "असतील शितं तर जमतील भुतं. तुझा पगार सुरू आहे तोवर सगळे मित्रच." मी हसलो. सही करताना माझ्या डोक्यात होतं की मी फक्त ओळख देतोय, साक्षीदारासारखी.

त्यानं ११ हप्ते भरले आणि नोकरी सोडली. दोन महिन्यांनी फोन बंद. मग मला नोटीस. मी तावातावानं गेलो की आधी त्याच्याकडून वसूल करा, तो बुडाला तर माझ्याकडे या. तिथल्या माणसानं शांतपणे माझाच कागद पुढे केला. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी तो, मग मी, अशी रांग कायद्यात नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला तर त्यात तिघांची नावं. शेवटी दुसऱ्या जामीनदारानं आणि मी मिळून तडजोड केली. माझे १ लाख ४० हजार गेले.

पण खरं सांगू का, तो ‘असंग’ नव्हता. दारू नाही, जुगार नाही. बायकोच्या आजारपणात पिचला होता आणि लाजेनं गायब झाला. मला ही म्हण त्याला लावताना अजून जड जातं. घरी विषय निघाला की भाऊ म्हणतो, "विश्वास? तो पानिपतावर गेला." मी गप्प बसतो.

माणदेशी
@जामीनदार, हे बघा, हेच जू.

सुगरण_६२
माझी पण म्हण लिहिते. कामापुरता मामा आणि ताकापुरती आजीबाई. माझी नणंद दर मे महिन्यात मुलांना घेऊन तीन आठवडे येते. कुरडया, पापड, सांडगे सगळं माझ्याकडून करून घेते. जाताना डबे भरून नेते आणि दिवाळीला साधा फोन नाही! यंदा मी सांगून टाकलं की गुडघे दुखतात. तर म्हणते कशी, वहिनी, बसून लाटा ना.

केतकी_ठाणे
सुगरणताई, नणंद निवडता येत नाही हो, धागा निवडलेल्या माणसांचा आहे 🙂 पण ‘बसून लाटा ना’ वाचून खूप हसले. राहू द्या.

पावस_रत्नागिरी
‘एक नासका आंबा सगळी आढी नासवतो’ ही आमच्या घरची म्हण. घरची म्हणजे अक्षरशः, कारण आढी माझ्याच ताब्यात असते.

आढी लावताना खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर परत पेंढा. तयार व्हायला आठ-दहा दिवस. मधे एकदा सगळे उलटायचे, तेव्हाच कळतं. खोलीत शिरल्यावर गोड वासात आंबूस वास मिसळला असेल तर एखादा गेलेला आहे. देठापाशी काळसर डाग दिसतो, बोट टेकवलं की खड्डा राहतो. तो काढायचा, त्याच्याखालचा ओला पेंढा काढायचा, आणि त्याला टेकलेले चार-पाच पुसून वेगळे ठेवायचे. सगळी आढी कोणी उकिरड्यावर टाकत नाही. म्हणीत हा भाग येत नाही. आणखी एक येत नाही, की त्याच ढिगात, त्याच उबेत बाकीचे पिकतातही. एकेकटे ठेवलेत तर हिरवेच सुकतात कितीतरी.

आता भावाचं. तो अठराव्या वर्षी जुगाराला लागला. आईनं त्याच्या तिन्ही मित्रांना घराची पायरी चढायला बंदी केली. नासके आंबे म्हणायची. पुढे त्यांच्यातल्या एकाची आई मला देवळात भेटली. तिनं तिच्या मुलाला आमच्याकडे यायची बंदी केली होती. तिच्या हिशोबात नासका आंबा माझा भाऊ! चार घरं, प्रत्येकीचा मुलगा चांगला आणि उरलेले तीन नासके.

हापूसमध्ये साका म्हणून एक दोष असतो. बाहेरून आंबा सुरेख, वास उत्तम, कापला की आत पांढरट, आंबट, भुसभुशीत. तो झाडावरच झालेला असतो. शेजारच्याकडून लागत नाही आणि शेजारच्याला देतही नाही. भावाचं मला तसं वाटतं. आईला हे मी कधी बोलले नाही.

निवृत्त_गुरुजी
साक्याचं उदाहरण मी तीस वर्षं शोधत होतो.

बिनधास्त_बंड्या
पण गुरुजी, मग मित्र निवडायचेच नाहीत का? साका असेल तर कापल्याशिवाय कळणारच नाही!

पावस_रत्नागिरी
कळत नाही हे खरं आहे. पण उन्हानं तापलेल्या जमिनीची धग लागलेल्या आंब्यात साका जास्त, हे आमच्याकडे सगळे जाणतात. आंबा कुठून आला ते विचारायचं. त्यापुढे नशीब.

स्टुटगार्टकर
माझी म्हण धीर देणारी आहे. इथे पहिल्या वर्षी गणेशोत्सवात दहा-बारा मराठी मित्र झाले, ढोल, मोदक, रोज फोन. दिवाळीपर्यंत दोघं उरले. मला वाटलं माझंच काही चुकलं. आजीला सांगितलं तर म्हणाली, "अरे तेरड्याचा रंग तीन दिवस." आमच्याकडे गौरी तेरड्याच्याच असतात. ती आणताना मी तिच्याबरोबर जायचो. तिसऱ्या दिवशी विसर्जनाला नेताना फुलं माना टाकायची. तेव्हा आजीनं कधी तेरड्याला नावं ठेवलेली आठवत नाहीत. पुढच्या वर्षी परत तोच आणायचा. त्यानंतर मीही त्या दहा जणांना नावं ठेवणं सोडलं. गणपतीत अजून भेटतो.

जामीनदार
@माणदेशी, एक विचारायचं राहिलं. त्या बसक्या बैलाचं पुढे काय झालं? आणि तुमचा घरचा सुधारला का?

माणदेशी
बसका वडिलांनी विकला, आणि घेणाऱ्याला खोड सांगून विकला, म्हणून निम्म्या किमतीत गेला. घरच्याला शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या बैलाबरोबर महिनाभर जुंपला. सुधारला. म्हणजे सरीत बसायचा थांबला. पण दुपारी ऊन चढलं की एकदा थांबून मान वळवून बाजूला बघायचा, शेजारी कोण आहे ते. ती सवय शेवटपर्यंत राहिली.

केतकी_ठाणे
मुलीच्या त्या मैत्रिणीला रविवारी जेवायला बोलावलंय. कोळंबी खाते का एवढंच विचारलंय सध्या.